होल्डवर वाजणाऱ्या सुरावटीचं नाव

ग्राहक सेवेला फोन लावल्यावर होल्डवर जे संगीत वाजतं, ते त्या बँकेने किंवा कंपनीने निवडलेलं असतं असा समज आहे. म्हणून लोक नाव विचारतात ते फोनवरच्या प्रतिनिधीलाच. त्याला बहुधा ते माहीत नसतं, कारण होल्डचं बटण दाबल्यावर संगीत यंत्रणेतून थेट आपल्याकडे येतं, त्याच्या कानावर पडतच नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी ते कोणी निवडलेलंच नसतं. फोन यंत्रणा बनवणाऱ्याने नमुना म्हणून भरून दिलेली फाइल तशीच वाजत राहते.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'ओपस नंबर वन'. 1989 साली टिम कार्लटन आणि डॅरिक डील या दोन अमेरिकन मुलांनी ही सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवरची धून गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रित केली. पुढे डील सिस्को कंपनीत लागले आणि मित्राची ही धून तिथल्या फोन यंत्रणेत मूळ होल्ड संगीत म्हणून गेली. तिथे फाइलचं नाव आहे `SampleAudioSource`, त्यामुळे यंत्रणा सांभाळणाऱ्यालाही धुनेचं खरं नाव दिसत नाही. जगभरच्या कार्यालयांत ती वाजते, तरी संगीतकार कित्येकांना अज्ञात राहिला तो यामुळेच.

दुसरा समज असा, की फोनवरचा आवाज खराब असल्याने गाणं ओळखणारं ॲप तिथे निकामी ठरतं. पण गाणं ओळखणारी शझाम ही सेवा 2002 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली तेव्हा ॲप नव्हतंच. 2580 हा क्रमांक फिरवून फोन गाण्यासमोर धरायचा, मग नाव एसएमएसने यायचं. म्हणजे ती ओळख फोनच्या आवाजावरच चालत होती. अडचण येते ती दोन कारणांनी. धून ॲपच्या संग्रहात नसते, किंवा मधेमधे 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' अशी घोषणा येऊन ती तुटते. काही फोन यंत्रणा आवाज बोलण्याच्या हिशेबाने आकुंचित करतात, त्यात वाद्यं थरथरल्यासारखी ऐकू येतात. म्हणून मूळ धून सापडली तरी कधी कधी ती वेगळीच वाटते. जुळवून पाहताना वाद्यांच्या नादापेक्षा चाल आणि ठेका धरावा.

नाव शोधायचं असेल तर स्पीकर चालू करून दोन घोषणांमधला सलग तुकडा दुसऱ्या फोनवरच्या ॲपला ऐकवावा. सिंथेसायझर आणि यांत्रिक ठेका असेल तर आधी 'ओपस नंबर वन' लावून पाहावं. नाहीच जुळलं, तर त्या कार्यालयाच्या फोन यंत्रणेची देखभाल करणाऱ्याला 'गाणं कोणतं?' असं न विचारता 'यंत्रणा कोणती आणि होल्डची फाइल कोणती?' असं विचारावं. ॲस्टरिस्क या मुक्त प्रणालीसोबत येणाऱ्या होल्डच्या फाइलच्या नावातच कलाकार आणि धून दोन्ही असतात:

```
macroform-cold_day
manolo_camp-morning_coffee
reno_project-system
```

यातल्या मधल्या फाइलचा अर्थ सरळ आहे: कलाकार मनोलो कॅम्प, धून 'मॉर्निंग कॉफी'.