थांबलेल्या स्थळाला पुन्हा साद घालताना

आपल्या समाजात स्थळाला स्पष्ट नकार क्वचितच दिला जातो. बायोडाटा जातो, दोन्ही घरांत बोलणे होते, एक भेट होते, वडीलधाऱ्यांच्या संमतीने मुलगा-मुलगी काही दिवस फोनवर बोलतात, आणि मग एके दिवशी दोन्हीकडून निरोप थांबतात. कुणी ‘नाही’ म्हटलेले नसते आणि कुणी ‘हो’ही म्हटलेले नसते. अक्षय्य तृतीयेपर्यंत न जुळलेले बोलणे आषाढात चातुर्मास लागल्यावर पार थंडावते; कार्तिकात पुन्हा मुहूर्त निघू लागले, की त्याच स्थळाची आठवण होते. ‘घर चांगले होते, मुलगी चांगली होती, मग थांबलो कशाला?’ असा प्रश्न घरात कुणीतरी विचारतेच.

अशा वेळी पुन्हा साद घालावी का, आणि घालावी तर कोणत्या शब्दांत, याचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करू. समजा, मुलगा लातूरच्या आडत व्यापाऱ्यांच्या घरचा आहे. मुलगी नांदेडची असून वडिलांच्या कापड दुकानाचे हिशेब आणि जीएसटीचे सर्व काम तीच पाहते. फाल्गुनात नांदेडला मुलीच्या मामांच्या घरी भेट झाली. बोलता बोलता सूर्यास्त झाला. मुलाचा चौविहार असल्यामुळे समोरचा चहा तसाच कपात राहिला आणि त्यावर सगळे हसले. त्या भेटीत मुलीने एक सरळ प्रश्न विचारला होता: लग्नानंतर मला हिशेबाचे काम चालू ठेवता येईल का? लातूरच्या घरात त्यावर एकमत नव्हते. ‘कळवतो’ असे सांगून मंडळी परतली आणि सहा महिने काहीच कळवले नाही.

येथे पहिली पायरी संदेशाची नाही, घरातल्या बैठकीची आहे. बोलणे ज्या कारणाने थांबले, ते कारण आज मिटले आहे का? मिटले नसेल तर कितीही गोड शब्दांत लिहिलेला संदेश त्याच प्रश्नापाशी पुन्हा अडेल आणि समोरच्या घराला दुसऱ्यांदा ताटकळावे लागेल. म्हणून मुलाने आधी आई-वडिलांसमोर आणि आजीसमोर तो प्रश्न मांडून निश्चित उत्तर घ्यावे. गोत्र, पत्रिका किंवा मुलीच्या बाजूने आलेला स्पष्ट नकार हे कारण असेल, तर विषय तेथेच संपवणे योग्य. संदेशाने बदलणारी ती कारणे नव्हेत.

दुसरी पायरी मध्यस्थाची. ज्यांनी स्थळ सुचवले, त्यांना एवढेच विचारावे, की मुलीचे कुठे ठरले आहे का. साखरपुडा ठरलेल्या घरी असा संदेश जाणे दोन्ही बाजूंना अवघड करणारे असते. ठरले नसल्याचे कळले, की मुलगा स्वतः लिहू शकतो. मात्र तो लिहीत आहे हे दोन्ही घरांतील मोठ्यांना ठाऊक असावे.

मग संदेश. तो साधारण असा असावा:

‘जय जिनेंद्र. मी लातूरहून लिहीत आहे. फाल्गुनात तुमच्या मामांच्या घरी आपली भेट झाली होती. लग्नानंतर काम चालू ठेवण्याविषयी तुम्ही विचारले होते. तेव्हा आमच्या घरात त्याचे उत्तर ठरलेले नव्हते, आणि तेवढे तरी कळवायला हवे होते ते आम्ही कळवले नाही. त्याबद्दल क्षमस्व. आता घरात सविस्तर बोलणे झाले आहे आणि उत्तर ‘हो’ आहे. तुमचा विचार बदलला असेल तर एका शब्दात कळवले तरी पुरे, मनात काही राहणार नाही. नसेल, तर पुन्हा एकदा बोलायला आवडेल. त्या दिवशीचा चहा अजून माझ्या वहीत बाकी दिसतो.’

या संदेशात मौनाचे खरे कारण दोन वाक्यांत सांगितले आहे. त्याहून अधिक लांबवले, की क्षमायाचनेची कैफियत होते आणि वाचणारीवर तुमचे सांत्वन करण्याचा भार पडतो. खोटे कारण तर आपल्या व्यवसायात टिकतच नाही. ‘सीझनची गडबड होती’ असे लातूरच्या मुलाने लिहिले, तर नांदेडच्या मोंढ्यात ओळखीपाळखी असलेले मुलीचे वडील लगेच म्हणतील, की सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास वाढते; ऐन पावसाळ्यात कसली गडबड? ज्या घरात मुलगी द्यायची, त्या घराने पहिल्याच निरोपात असे सांगितले, तर पुढच्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहिले जाते.

चहाचे वाक्य शेवटी आहे आणि ते फक्त त्या दोघांना कळणारे आहे. त्यामुळे संदेश हलका होतो, आणि तो दहा ठिकाणी पाठवलेला ठरावीक मजकूर नाही हेही कळते. तेच वाक्य आरंभी आले असते, तर सहा महिन्यांचे मौन थट्टेवारी नेल्यासारखे वाटले असते. अशी एखादी सामाईक आठवण नसेल तर विनोद ओढून आणू नये. साधा शेवट पुरेसा आहे.

येथे एक मोह टाळायला हवा. संवत्सरीला किंवा क्षमावाणीला सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ जातेच, त्याच संदेशाला स्थळाचा विषय जोडावा असे अनेकांना वाटते. पण ‘माझे दुष्कृत मिथ्या होवो’ असे म्हणणारा बदल्यात काहीही मागत नाही. स्थळाचा संदेश मात्र उत्तर मागतो. दोन्ही एकत्र केले, की क्षमेला सौद्याचा रंग चढतो आणि मुलीला नकार देणे अवघड होते. क्षमा मागणाऱ्याला ‘नाही’ कसे म्हणायचे? म्हणून पर्वाच्या दिवशी केवळ क्षमापना करावी आणि स्थळाचे बोलणे आठ-दहा दिवसांनी, वेगळ्या संदेशात करावे. चातुर्मासात आपण लग्नकार्ये टाळतो. पण अनेक घरांत या काळात बोलणी करायला हरकत मानत नाहीत.

उत्तर वाचण्याचीही रीत आहे. ‘घरी विचारून सांगते’ हे पुढे जाण्याचे चिन्ह समजावे. ‘सध्या विचार नाही’ हा सौम्य शब्दांतला नकार आहे. त्यातील ‘सध्या’ या शब्दावर आशा बांधू नये. संदेश वाचल्याची निळी खूण दिसली आणि उत्तर नाही, तर घाई करू नये. घरात विचार चालू असू शकतो. दोन आठवडे लोटूनही काही आले नाही, तर तेच उत्तर मानावे. दुसरा संदेश पाठवू नये, मावशीकरवी चौकशी करू नये, मेळाव्यात गाठून विषय काढू नये. ‘एका शब्दात कळवले तरी पुरे’ असे आपण लिहिले होते. न आलेल्या शब्दालाही तोच मान द्यावा लागतो.

उत्तर अनुकूल आले, तर आठवडाभरात मुलाच्या वडिलांनी मुलीच्या वडिलांना स्वतः फोन करावा आणि कामाविषयीचे ‘हो’ आपल्या तोंडून सांगावे. मुलाने दिलेला शब्द घराचा आहे, ही खात्री मुलीच्या घराला त्याच फोनने मिळते. त्यानंतरची भेट दुपारची ठेवावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी बोलणेही होईल आणि चहाही.