बोट तुटतं तेव्हा चूक कोणाची?

मोटारीचे ब्रॅकेट, बिजागऱ्या असे पत्र्याचे भाग पॉवर प्रेसवर निघतात. ऑपरेटर डायमध्ये पत्रा ठेवतो, पेडल दाबतो, रॅम खाली येतो. तुकडा काढून तो लगेच पुढचा पत्रा ठेवतो. सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटं अनेकदा इथेच जातात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९पासून ‘क्रश्ड’ नावाच्या अहवालांतून अशा जखमी कामगारांची परिस्थिती मांडते आहे.

अपघातानंतर चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचं दुर्लक्ष’ असं लिहून मोकळं होणं सोपं असतं. त्याला जुना आधारही आहे. अमेरिकी विमा कंपनीतले हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१मध्ये ८८ टक्के अपघातांचं मूळ माणसाच्या असुरक्षित कृतीत शोधलं आणि तो आकडा व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. मात्र त्यांनी तपासलेले बरेचसे अहवाल सुपरवायझरांनी भरलेले होते. ते स्वतःकडे बोट कशाला दाखवतील?

प्रेस उघडून पाहिला, तर वेगळं कारण हाती लागतं. जुन्या की-क्लच प्रेसमध्ये रॅम एकदा सुटला की फेरी पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. क्लचची स्प्रिंग तुटली किंवा चावी झिजली, तर पेडल न दाबताही तो दुसऱ्यांदा खाली येतो. शॉपफ्लोअरवर याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. त्या क्षणी कामगाराचा हात डायमध्येच असतो, कारण त्याचं कामच ते आहे. तिथे सावधपणाचा काहीच उपयोग नाही.

मग मालक लाइट कर्टन बसवतो. किरण तुटला की प्रेस थांबावा, ही अपेक्षा. पण जो प्रेस अर्ध्यात थांबूच शकत नाही, त्याच्यावर हा पडदा निरुपयोगी ठरतो. तिथे हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड हवा. फ्रिक्शन क्लचचा प्रेस थांबतो, पण त्यालाही वेळ लागतो. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेस ०.२ सेकंदात थांबत असेल, तर पडदा डायपासून किमान ४० सेंटिमीटर दूर हवा. ब्रेक झिजून तोच वेळ ०.३ सेकंद झाला, की हात ६० सेंटिमीटर आत पोचतो. दिवा हिरवा असतो, पण संरक्षण उरलेलं नसतं. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजावाच लागतो.

हे मोजणं, गार्ड लावणं आणि तो जागेवर ठेवणं हे मालकाचं काम आहे. १९४८च्या कारखाने कायद्यातल्या कलम २१ने धोकादायक भागांना कुंपण सक्तीचं केलं. भोपाळनंतर, १९८७च्या दुरुस्तीने कलम ७-अ आलं आणि कामगारांच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी भोगवटादारावर स्पष्टपणे टाकली गेली. कंपनीच्या बाबतीत भोगवटादार म्हणजे संचालक. २०२०च्या संहितेतही कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं हे मालकाचंच कर्तव्य आहे.

त्यामुळे कारखान्यात गेलेल्या विद्यार्थ्याने आधी देखभालीचं रजिस्टर मागावं. डबल स्ट्रोकची तक्रार कोणी, कधी केली आणि त्यानंतर प्रेस बंद ठेवला की प्रॉडक्शनसाठी चालूच ठेवला, हे त्यात दिसायला हवं. डाय बदलण्याची रीतही विचारावी. मेन स्विच बंद केल्यावरही फ्लायव्हील फिरत राहतं, म्हणून ते पूर्ण थांबल्यावर आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवल्यावरच हात आत घालायचा असतो.