वरची मिरची आणि न मागवलेलं पाकीट

महात्मा फुले मंडईत पाव किलो वांगी तोलून झाली की मावशी दोन हिरव्या मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी वरून टाकतात. त्याचे पैसे कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. पण त्याच हाताने कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून त्या "वीस झाले" म्हणाल्या, तर आपण "कोथिंबीर नको, मावशी" म्हणत ती परत ठेवतो. आता समजा, काही न बोलता जुडी घरी नेली आणि चटणी वाटली. मग वीस रुपये द्यावेच लागतील. देणं लागू होतं ते चटणीमुळे, आपल्या गप्प बसण्यामुळे नाही.

मंडईजवळच्या एका वाड्यातले काका परवा असंच पाकीट घेऊन आले. आत दहा भेटकार्डं, 450 रुपयांचं बिल आणि खाली एक ओळ : पंधरा दिवसांत परत न पाठवल्यास आपण माल स्वीकारला असे समजण्यात येईल. काकांनी काहीच मागवलं नव्हतं. महिन्याभराने स्मरणपत्र आलं, भाषा थोडी करडी. काकांना वाटलं, आपण उत्तर दिलं नाही म्हणजे फसलो.

तसं नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्ताव स्वीकारला हे समोरच्याला कळवावं लागतं, शब्दांनी किंवा कृतीने. गप्प राहणं म्हणजे होकार, अशी अट पाठवणारा एकतर्फी घालू शकत नाही. यावरचा गाजलेला खटला इंग्लंडमधला, 1862 चा. फेल्टहाउस नावाच्या काकाने पुतण्याला लिहिलं की तुझं काही उत्तर आलं नाही, तर घोडा 30 पौंड 15 शिलिंगांना माझा झाला असं समजेन. पुतण्याच्या मनात द्यायचंच होतं. हा घोडा लिलावातून वगळा, असंही त्याने लिलाववाल्याला सांगितलं होतं, पण चुकून तो विकला गेला. काकाने लिलाववाल्यावर दावा लावला आणि हरला, कारण पुतण्याने होकार काकाला कळवलाच नव्हता. मनातल्या होकाराने जिथे सौदा झाला नाही, तिथे आपल्या काकांच्या मनात तर होकारही नव्हता.

पण याच कायद्याचं कलम 70 दुसऱ्या बाजूने येतं. फुकट देण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीररीत्या तुम्हाला काही दिलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर भरपाई द्यावी लागते. कायद्यातच उदाहरण आहे : व्यापाऱ्याने चुकून तुमच्या घरी माल टाकला आणि तुम्ही तो आपलाच समजून वापरला, तर पैसे तुम्हाला द्यावे लागतात. मग कोणीही काहीही गळ्यात मारून वसुली करेल का? सर्वोच्च न्यायालयाच्या बी. के. मोंडल खटल्यात याचं उत्तर न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी दिलं. त्यांचा मुद्दा असा की दिलेली वस्तू नाकारायची किंवा परत करायची मोकळीक घेणाऱ्याला असते. त्याने ती नाकारली तर कलम 70 लागूच होत नाही, आपखुशीने ठेवून वापरली तर होतं.

जिथे आधीपासून व्यवहार चालू आहे, तिथे मात्र गप्प राहणं महागात पडतं. दुधाचा रतीब घ्या. तो तुम्हीच लावलेला असतो, त्यामुळे रोज सकाळी नव्याने हो म्हणावं लागत नाही. बंद करायचा तर सांगावं लागतं. सांगूनही भैय्याने दाराला पिशवी अडकवली, तर ती तशीच राहू द्या, दुसऱ्या दिवशी त्याला परत द्या. तापवून चहा केलात, की त्या पिशवीचे पैसे देणं आलं.

बँकांच्या बाबतीत नियम याहून कडक आहे. न मागता दिलेलं क्रेडिट कार्ड ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय चालू करून शुल्क लावलं, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बँकेने ते शुल्क मागे घ्यायचं आणि वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. भेटकार्डांच्या पाकिटाला असं कवच नाही, तिथे जुना करार कायदाच कामाला येतो.

काकांना मी सांगितलं, एक साधं पत्र टाका : मी माल मागवलेला नाही, वापरणार नाही, तुमच्या खर्चाने घेऊन जा. पत्राची प्रत ठेवा. स्वतःच्या खिशातून टपालखर्च करून परत पाठवायची तुमच्यावर जबाबदारी नाही. फक्त पाकीट मुद्दाम फाडून टाकू नका.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन कार्डं दिवाळीला पाठवली रे मी."

इथे गुंता झाला. पाठवणारा म्हणेल, किंमत वाचून कार्डं वापरली म्हणजे अख्खं पाकीट घेतलं, 450 द्या. काका म्हणतील, सौदा झालाच नाही, फायदा दोन कार्डांचा घेतला. कलम 70 धरलं तर देणं दोन कार्डांच्या वाजवी किमतीएवढं, छापलेल्या बिलाएवढं नाही. मला काकांची बाजू पटते, पण पाठवणाऱ्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. शेवटी आम्ही पत्रात नव्वद रुपयांचा धनादेश जोडला आणि उरलेली आठ कार्डं मोजून पुन्हा त्याच पाकिटात भरून ठेवली.