फक्त साडी हिरवी करा

मुलांच्या एका पुस्तकाचं मुखपृष्ठ: अंगणात नऊवारीतली आजी, शेजारी नात, वर टांगलेला कंदील. चित्रकार एआयच्या मदतीने चित्र करतो, हे प्रकाशिकेला ठाऊक आहे. चित्र आवडलं, फक्त लाल साडी हिरवी हवी. अशा वेळी फ्रीलान्स चित्रकार साधारण असा निरोप धाडतो:

‘नमस्कार मॅडम, प्रॉम्प्टमध्ये लालच्या जागी हिरवी लिहून पाहिलं. साडी हिरवी झाली, पण आजीचा चेहरा बदलला, नात दुसऱ्या बाजूला गेली आणि कंदिलाचा बल्ब झाला. म्हणून जुनंच चित्र ठेवून फक्त साडीचा भाग निवडून रंग बदलतो.’

यात टाळाटाळ नाही. प्रॉम्प्ट म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन. ते बदललं की बरीच यंत्रं जुनं चित्र दुरुस्त करत नाहीत. रंगीत ठिपक्यांच्या गोंधळातून नवंच चित्र घडवतात. त्या गोंधळाला एक क्रमांक असतो, त्याला सीड म्हणतात. सीड तोच ठेवला तर मांडणी बरीचशी टिकते, पण एका शब्दानेही ती हलू शकते. नकारही जपून द्यावा लागतो. वर्णनात ‘चश्मा नको’ लिहिलं, तर चश्म्याचा उल्लेख झाला म्हणूनच तो आजीच्या नाकावर चढण्याची शक्यता असते. मिडजर्नीत त्यासाठी शेवटी `--no glasses` असं वेगळं लिहितात.

फेऱ्या किती? माझ्या मते तीन पुरतात. पहिलीत चार-पाच नमुन्यांतून मांडणी ठरवायची, दुसरीत माणसं, कपडे आणि उजेड. तिसरीत प्रॉम्प्टला हातच लावायचा नाही. निवडलेल्या भागापुरती डागडुजी करायची. कार्यालयातल्या सगळ्यांच्या सूचनाही एकदमच याव्यात. संपादकांचा फोन सकाळी आणि विक्रीवाल्यांचा रात्री आला, तर एका फेरीच्या दोन होतात.

चौथी फेरी मागण्याआधी चूक कोणती, ते पाहावं. दर वेळी नवीच चूक निघत असेल, तर वर्णन मोघम आहे. ते नेमकं केलं की सुधारतं. तीच चूक त्याच जागी परत येत असेल, तर शब्द बदलून उपयोग नाही. नऊवारीचा कासोटा हे त्याचं ठळक उदाहरण. यंत्राने पाहिलेल्या चित्रांत पाचवारी साड्याच जास्त असाव्यात. समजावलं तरी ते बऱ्याचदा समोर निऱ्या सोडून मोकळं होतं. तिथे चित्रकाराने पेन उचलून कासोटा स्वतः काढावा आणि त्याचे पैसे वेगळे लावावेत. मुखपृष्ठावरचं नावही शेवटी हातानेच बसवावं, कारण यंत्राच्या देवनागरीत जोडाक्षरं मोडू शकतात.

निरोपाची शेवटची ओळ बहुधा अशी असते: ‘आजीऐवजी आजोबा हवे असतील तर ती दुरुस्ती नव्हे, नवं चित्र धरू. त्याचा दर आधी कळवतो.’