बावन्नाव्या मिनिटाला काय होतं?

लग्नाची फिल्म आता पेन ड्राइव्हबरोबर लिंकवरूनही घरी पोहोचते. आठ दिवस खपून लावलेल्या त्या फिल्ममधला कुठला भाग घरचे पुन्हा पुन्हा बघतात, हे त्या लिंकमुळे व्हिडिओवाल्याला पहिल्यांदाच कळू लागलं आहे. सांगलीच्या एका व्हिडिओवाल्याची ही गोष्ट कल्पित आहे, पण तिच्यातला आलेख खरा असतो.

त्याने अडीच तासांची फिल्म यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून लिंक घरच्यांना पाठवली. अनलिस्टेड व्हिडिओ शोधून सापडत नाही, पण लिंक हाती असलेला कोणीही तो पाहू शकतो. थोड्या दिवसांनी त्याने प्रेक्षकांचा आलेख उघडला. या आलेखात फिल्मचा प्रत्येक क्षण किती जणांनी पाहिला, ते टक्क्यांत दिसतं. रेषा सुरुवातीला वर असते आणि हळूहळू उतरते, कारण एवढी लांब फिल्म एका बैठकीत कोणी संपवत नाही. ड्रोनच्या शॉटवर ती चांगलीच खाली गेली होती, म्हणजे लोक तो भाग पुढे ढकलत होते. बावन्नाव्या मिनिटाला मात्र ती 180 टक्क्यांवर चढली होती.

शंभराच्या वर टक्के कसे जातात? फिल्म 40 वेळा उघडली गेली आणि एखादा तुकडा 72 वेळा चालला, तर त्या जागी 180 टक्के दिसतात. म्हणजे कोणीतरी मागे जाऊन तो पुन्हा पाहिला. पण असा प्रत्येक उंचवटा खरा नसतो. 'सप्तपदी', 'पाठवणी' असे भाग पाडून दिले, की लोक थेट तिथे उडी मारतात आणि भागाच्या पहिल्याच सेकंदाला रेषा एकदम उभी राहते. कोणी `?t=3130` असं शेवटी जोडलेली लिंक ग्रुपवर टाकली, तर सगळे थेट 52 मिनिटं 10 सेकंदांवरच उतरतात. पुन्हा पाहिलेल्या जागेचा उंचवटा वेगळा असतो. तो आधीपासून चढत येतो आणि नंतर सावकाश उतरतो, कारण माणूस नेमक्या क्षणाच्या थोडं अलीकडे जाऊन थांबतो.

इथला उंचवटा तसाच होता. तिथे मंगलाष्टका संपून अंतरपाट दूर होत होता. आपण क्रेनवरून घेतलेला शॉट आवडला, असं त्याला वाटलं. पण क्रेनचा शॉट उंचवट्याच्या उतारावर येत होता. शिखरावर होता तो बाजूच्या साध्या कॅमेऱ्याने टिपलेला नवरीचा चेहरा, आणि त्यावर मावशीचा मंगलाष्टका म्हणणारा आवाज.

दुसऱ्या कामासाठी नवरीच्या आईचा फोन आला तेव्हा त्याने सहज विचारलं, "काकू, अंतरपाटाचा भाग घरात कोण बघतं एवढा?"

"अरे दादा, मीच. आमच्यात आईने अक्षता पडताना बघायचं नसतं. मी मागे तुळशीला पाणी घालत होते. पोरीचा चेहरा मी फिल्ममध्येच पाहिला की!"

काही घरांत ही रीत अजून पाळतात. म्हणजे तो उंचवटा घरादाराच्या आवडीचा नव्हता, बराचसा एकाच बाईचा होता. बघणारे थोडे असले, की एकाच माणसाच्या वारंवार पाहण्याने आख्खी रेषा हलते. आणि रेषेवर कोणाचं नाव नसतं, त्यामुळे काकूंनी सांगेपर्यंत त्याला हे कळणं शक्य नव्हतं.

त्यानंतर त्याच्या कामात खरे बदल झाले. लग्नाआधी तो घरच्यांना विचारू लागला की मुहूर्ताला मांडवात कोण नसणार. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावू लागला. अक्षता उडू लागल्या की कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चेहरा सोडून त्या दाण्यांवर जाऊ शकतो, म्हणून तो आधीच चेहऱ्यावर फोकस धरून लॉक करतो. वाजंत्रीत मंगलाष्टका बुडू नयेत म्हणून साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळी लाइन घेऊन आवाज रेकॉर्ड करतो. टीझरमध्ये सिनेमाचं गाणं चालतं, पण मोठ्या फिल्ममध्ये या भागावर तो गाणं चढवत नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाचा बदल हाच आहे, कारण चढवलेलं गाणं नंतर बाजारात कुठेही मिळेल, मावशीचा आवाज मिळणार नाही.

तुमच्या घरी कार्य असेल, तर व्हिडिओवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा: मुहूर्ताला कोण समोर नसणार, आणि कोणाचा आवाज तसाच ठेवायचा. फिल्म आल्यावर लिंकवर विसंबू नका. यूट्यूब व्हिडिओ दाबून लहान करतं आणि चॅनेल बंद झालं तर लिंकही जाते. मूळ फाइल मागून घ्या आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.