सप्लायरचं क्रेडिट, आपलं डेबिट

भोसरीतला एक छोटा कारखाना जर्मनीतून बेअरिंग मागवतो. मार्चअखेरीला सप्लायरकडून मेलवर खातेउतारा येतो. त्याच्या तळाला लिहिलेलं असतं की तुमच्याकडून १२,४१५ युरो येणं बाकी आहे. कारखान्याचं अकाउंट बघणारी मुलगी टॅली उघडते, तर तिच्याकडे देणं दिसतं ११,७३० युरो. फरक ६८५ युरोंचा. उताऱ्यावर ६८५ ची नोंद कुठेच नाही आणि तिच्या खतावणीतही नाही. हे उदाहरण आणि त्यातले आकडे मी रचलेले आहेत, पण आयात करणाऱ्या कुठल्याही ऑफिसात असा घोळ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सापडेल, आणि तो बहुतेक वेळा क्रेडिट नोट आणि डेबिट नोट या दोन कागदांभोवतीच फिरत असतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते. हा उतारा आपल्या खात्याचा असला तरी वही त्यांची आहे. त्यांच्या वहीत आपण गिऱ्हाईक, म्हणजे आपल्याकडून येणं. म्हणून त्यांचं बिल आपल्या नावे पडतं आणि आपण पाठवलेले पैसे जमेला जातात. आपल्या वहीत तेच बिल त्यांच्या जमेला आणि पैसे त्यांच्या नावे. बिलं आणि पैसे यांच्या बाबतीत हे कुणालाच अवघड जात नाही, कारण बिल म्हणजे देणं वाढलं आणि पैसे म्हणजे देणं कमी झालं, हे डोक्यात बसलेलं असतं. गोंधळ होतो तो नोटांपाशी. सप्लायरनं क्रेडिट नोट काढली म्हणजे त्यानं आपल्याला सूट दिली, आपलं देणं कमी झालं. त्यानं डेबिट नोट काढली म्हणजे आपल्यावर आणखी रक्कम चढवली.

टॅलीत याचीच उलटापालट दिसते. सप्लायरची क्रेडिट नोट आली की टॅलीप्राइममध्ये `Alt+F5` दाबून `Debit Note` हे व्हाउचर उघडावं लागतं, कारण आपल्या वहीत सप्लायरचं खातं नावे टाकायचं असतं. कागदावर क्रेडिट लिहिलंय म्हणून `Credit Note` व्हाउचर उघडलं, तर देणं कमी होण्याऐवजी वाढतं आणि फरक नोटेच्या रकमेच्या दुप्पट पडतो. फरक बरोबर दोननं भागून एखाद्या नोटेची रक्कम निघत असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

जर्मन उतारा वाचायचीही थोडी सवय लागते. तिकडे हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, म्हणजे `12.415,00` हे साडेबारा नव्हे, बारा हजार चारशे पंधरा. `Soll` हा रकाना नावेचा आणि `Haben` जमेचा. बऱ्याच उताऱ्यांवर दोन रकाने नसतातच, एकच रकाना असतो आणि जमेच्या रकमेपुढे वजाचं चिन्ह असतं, तेही आकड्याच्या शेवटी: `920,00-`. ती बारीकशी रेघ नजरेतून सुटली की क्रेडिट नोट बिल म्हणून वाचली जाते.

आता उताऱ्यातल्या नोंदी बघू. जानेवारीत १८,४०० युरोंचं बिल, फेब्रुवारीत १२,६५० युरोंचं दुसरं बिल, आणि फेब्रुवारीतच २४० युरोंची डेबिट नोट. हे तिन्ही नावे, एकूण ३१,२९०. जमेला तीन नोंदी: आलेले पैसे १७,४५५, मार्चच्या सुरुवातीची ९२० ची क्रेडिट नोट आणि महिनाअखेरची ५०० ची दुसरी क्रेडिट नोट. बेरीज १८,८७५. वजा जाता १२,४१५. त्यांचा हिशोब बरोबर आहे.

यातली ९२० युरोंची नोट सगळ्यात शिकण्यासारखी. जानेवारीचा माल आला तेव्हा पेट्यांत वीस बेअरिंग कमी निघाले. एकाची किंमत ४६ युरो, म्हणजे ९२० युरोंचा माल आलाच नाही. कारखान्यानं तेव्हाच आपली डेबिट नोट काढून सप्लायरला पाठवली, टॅलीत नोंदवली आणि पहिल्या बिलाचे पैसे देताना ९२० कापून १७,४८० पाठवले. इथपर्यंत सगळं रीतसर. मार्चमध्ये सप्लायरनं तक्रार मान्य केली आणि ९२० ची क्रेडिट नोट पाठवली. ती पीडीएफ हातात पडल्यावर या मुलीनं तीही नोंदवली. झालं! वीस बेअरिंगांची वजावट दोनदा झाली. आपली डेबिट नोट आणि त्यांची क्रेडिट नोट या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. आपली नोट म्हणजे मागणी, त्यांची नोट म्हणजे त्या मागणीला आलेला होकार. मागणी आधीच नोंदवली असेल, तर होकार आल्यावर नवी नोंद करायची नसते. जुन्या नोंदीच्या तपशिलात त्यांच्या नोटेचा नंबर आणि तारीख लिहायची, एवढंच.

होकार अर्धामुर्धा आला, तर मात्र नोंद लागते. समजा सप्लायर म्हणाला, आमच्या पॅकिंगच्या यादीप्रमाणे अठराच कमी होते, आणि त्यानं ८२८ चीच नोट दिली. मग उरलेल्या ९२ युरोंचं काय ते मालकाला विचारायचं. वाद घालायचा नसेल, तर आपल्या डेबिट नोटेतले ९२ उलटवायचे. काही ऑफिसांत आपली मागणी खतावणीत घेतच नाहीत, वेगळ्या यादीत ठेवतात आणि सप्लायरची क्रेडिट नोट आल्यावरच नोंद करतात. दोन्ही पद्धती चालतात. पण एकाच ऑफिसात अर्धे व्यवहार एका पद्धतीनं आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीनं, हे चालत नाही. दुहेरी नोंदी तिथेच जन्माला येतात.

दुसरी क्रेडिट नोट ५०० युरोंची. ही वर्षभरातल्या खरेदीवरची सूट आहे. मालाशी तिचा थेट संबंध नाही, त्यामुळे स्टोअरला तिचा पत्ता नसतो आणि ती परचेसवाल्याच्या मेलमध्ये पडून राहते. उताऱ्यावर दिसली म्हणूनच ती कळली. नोंद करण्याआधी नोटेची प्रत मागवायची आणि ठरलेल्या टक्क्याप्रमाणे रक्कम बरोबर आहे का ते बघायचं. सूट या वर्षाच्या खरेदीवरची आहे, तर ती याच वर्षात धरायची.

राहिली २४० युरोंची डेबिट नोट. कारखान्यात मशीन बंद पडण्याची वेळ आली म्हणून थोडा माल विमानानं मागवला होता, त्याच्या जादा भाड्याची ही रक्कम. सप्लायरची डेबिट नोट डोळे मिटून कधीच नोंदवू नये. विमानानं पाठवा असं आपल्याकडून कुणी लिहून दिलं होतं का, भाडं कुणाच्या डोक्यावर असं ऑर्डरमध्ये ठरलं होतं, हे आधी बघायचं. इथे मालकानं मेलवर होकार दिलेला सापडला, म्हणून रक्कम मान्य. अशी नोट मान्य केली की कस्टम हाउस एजंटलाही कळवायला हवं. आयात मालाच्या कस्टम मूल्यात भाडंही धरलं जातं, आणि ड्युटी तर आधीच भरून झालेली असते. मागाहून चढलेल्या रकमेवर ड्युटीचं काही राहिलंय का, हे त्यानं बघायचं.

एवढं करूनही २५ युरो उरतात. कारखान्यानं पाठवले १७,४८०, सप्लायरला मिळाले १७,४५५. मधल्या बँकेनं वाटेत आपली फी कापली. पैसे पाठवताना बँकेच्या फॉर्मवर खर्च कुणाचा ते विचारतात. तिथे `SHA` लिहिलं की परदेशातला खर्च समोरच्याच्या अंगावर जातो, `OUR` लिहिलं की सगळा आपल्यावर. सप्लायरशी पूर्ण रक्कम पोचवायचं ठरलं असेल, तर हे २५ युरो आपल्या बँक खर्चात घ्यायचे.

आता मेळ घालून बघू. आपली बाकी ११,७३०. दोनदा कापलेले ९२० परत मिळवले, सुटीचे ५०० वजा केले, भाड्याचे २४० आणि बँकेचे २५ मिळवले. १२,४१५. उताऱ्याशी जुळलं. फरकात मिळवायच्या आणि वजा करायच्या रकमा एकमेकींत मिसळलेल्या होत्या, म्हणून नुसतं ६८५ शोधत बसून काहीच सापडलं नसतं. उताऱ्यातली प्रत्येक ओळ आपल्या खतावणीतल्या ओळीसमोर ठेवून टिक करत जाणं, हाच उपाय. टॅलीत नोट नोंदवताना `Agst Ref` निवडून ती ज्या बिलाची आहे त्याच बिलाला लावली असेल, तर हे काम फार सोपं होतं. `On Account` मध्ये ढकललेल्या नोटा मार्चमध्ये छळतात.

मेळ घालायचा तो युरोतच. रुपयांत घालायला गेलात तर कधीच बसणार नाही आणि बसायची गरजही नाही. समजा बिल नोंदवलं तेव्हा युरो ९० रुपये होता आणि क्रेडिट नोटेच्या दिवशी ९२. मग ९२० युरो एका भावानं ८२,८०० रुपये होतात, दुसऱ्या भावानं ८४,६४०. कुठला भाव धरायचा यावर ऑफिसागणिक प्रथा वेगळी; ऑडिटरला विचारून एक ठरवावी आणि दरवर्षी तीच चालवावी. वर्षअखेरीची १२,४१५ युरोंची बाकी मात्र ३१ मार्चच्या भावानं रुपयांत मांडावी लागते आणि फरक विनिमयाच्या नफा-तोट्यात जातो.

जीएसटीची सवय असलेल्यांची इथे आणखी एक फसगत होते. देशातल्या सप्लायरची क्रेडिट नोट जीएसटीआर-२बी मध्ये दिसते आणि तेवढं क्रेडिट कमी करावं लागतं. जर्मन सप्लायर आपल्या जीएसटीत नाहीच, त्यामुळे त्याची नोट तिथे कधी उमटणार नाही. आयातीवरचा आयजीएसटी आपण कस्टमला बिल ऑफ एन्ट्रीवर भरलेला असतो. ९२० च्या नोटेवर अंदाजानं कर काढून तो उलटवू नका.

शेवटचं काम बँकेचं. बिल ऑफ एन्ट्री १८,४०० युरोंची, पैसे गेले १७,४८०. रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत ती आयात ९२० युरोंसाठी उघडीच दिसत राहते, कारण बँकेच्या लेखी मालाचे पूर्ण पैसे अजून गेलेले नाहीत. पुढच्या बिलातून ५०० कापून पैसे पाठवले की तिथेही तसंच होणार. आपल्या टॅलीत सगळं जुळलं म्हणून बँकेकडचं आपोआप मिटत नाही. सप्लायरची क्रेडिट नोट, माल कमी आल्याचा पत्रव्यवहार आणि बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर जोडून बँकेला अर्ज द्यावा लागतो. नोट हातात आली की तो त्याच आठवड्यात देऊन टाका.