कमोड गुडगुडतं तेव्हा

फ्लश दाबला की कमोडमधलं पाणी एका दमात निघून जायला हवं. कधीकधी ते आधी वर चढतं, काठाच्या दोन-चार बोटं खाली येऊन थांबतं, मग रेंगाळत उतरतं आणि जाता जाता आतून ‘गुडगुड’ असा आवाज येतो. अशा वेळी बहुतेकांचा हात पुन्हा फ्लशच्या बटणाकडे जातो. नेमका तोच आवरायचा असतो. पहिलं पाणी अडलेलं असताना टाकीतलं आणखी सहा लिटर पाणी सोडलं, तर ते थेट फरशीवर येतं. टाकीखाली भिंतीतून निघालेला अँगल कॉक आधी बंद करावा आणि दहा-पंधरा मिनिटं भांड्याला हात लावू नये. मधल्या वेळात पाणी किती उतरतं, कुठून आवाज येतो, एवढंच पाहावं. अडथळा कुठे आहे, याचा निम्मा पत्ता तिथेच लागतो.

भांड्याच्या आतली रचना साधी आहे. तळाशी वाट आधी वर वळते आणि मग खाली उतरते. या वळणाला ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम अडून राहतं आणि त्यामुळे नळातला वास घरात येत नाही. ट्रॅपची वाट पुढच्या चार इंची नळापेक्षा अरुंद असते, शिवाय वाकडी असते. म्हणून घरातल्या घरात होणारी बहुतेक तुंबणं याच वळणात होतात. वळणाच्या पुढे पाणी उभ्या नळात पडतं आणि तळमजल्याशी असलेल्या चेंबरमध्ये जातं. उभ्या नळाचं वरचं टोक गच्चीच्या वर उघडं ठेवलेलं असतं, कारण पाणी खाली जाताना त्याच्या मागे हवा यावी लागते.

गुडगुड होते ती या हवेमुळे. उपडी धरलेली पाण्याची बाटली जशी डुबुक डुबुक करत रिकामी होते, तसंच इथे घडतं. वाट मोकळी असली की पाणी आणि हवा एकमेकांना अडवत नाहीत. वाट अर्धी बुजली, की पाणी जाताना हवा मिळेल तिथून ओढली जाते, बहुतेकदा ट्रॅपमधल्या पाण्यातूनच. म्हणजे गुडगुड ऐकू येते तेव्हा नळ पूर्ण बंद झालेला नसतो, पण बंद होण्याच्या वाटेवर असतो. गच्चीवर पत्र्याची शेड टाकताना किंवा वॉटरप्रूफिंग करताना कुणी नळाचं टोक कापून बुजवलं असेल, तरी गुडगुड होते. तेव्हा पाणी फारसं वर चढत नाही, पण फ्लशनंतर भांड्यातली पातळी नेहमीपेक्षा खाली जाते आणि वास येऊ लागतो. त्यावर प्लंजरचा काही उपयोग नाही. गच्चीवर जाऊन ते टोक पाहावं लागतं.

प्लंजर हातात घेण्याआधी आणखी एक चाचणी करून पाहावी. भांड्यातली पातळी नेहमीसारखी खाली आली, की अर्धी बादली पाणी एका झटक्यात ओतावं. ते सरसर निघून गेलं, तर नळ मोकळा आहे आणि दोष टाकीत आहे: फ्लोट खाली बसल्यामुळे टाकी अर्धीच भरते, आतला व्हॉल्व्ह पुरता उचलला जात नाही, किंवा बोअरच्या जड पाण्याने रिमखालची भोकं क्षारांनी बुजली आहेत. ‘फ्लश हळू होतो’ ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते. ओतलेलं पाणीही वर चढून रेंगाळलं, तर अडथळा नक्की आहे.

आता प्लंजर. दुकानात लाकडी दांड्याला लाल-काळी रबरी वाटी लावलेला जो मिळतो, तो खरं तर बेसिन आणि नहाणीच्या सपाट जाळीसाठी असतो. कमोडसाठीच्या प्लंजरला वाटीच्या आतून आणखी एक निमुळती रबरी कड बाहेर आलेली असते. ती भांड्याच्या भोकात बसते आणि हवा निसटू देत नाही. घरात सपाट वाटीच असेल तर तिच्याभोवती जुनं फडकं गुंडाळून फट बुजवता येते. भारतीय पद्धतीच्या भांड्याचं भोक पुरेसं गोल आणि सपाट असल्यामुळे तिथे साधी वाटीही चालते.

भांड्यात वाटी पूर्ण बुडेल इतकं पाणी हवं. कमी असेल तर मगाने घालावं, काठोकाठ असेल तर हातमोजे घालून मगानेच बादलीत काढावं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वाटीत हवा भरलेली असली, तर तुमचा सगळा जोर तिलाच दाबण्यात खर्च होतो. म्हणून वाटी तिरकी करून पाण्यात शिरवावी, आतली हवा बुडबुडे होऊन निघून जाऊ द्यावी आणि मग भोकावर सरळ बसवावी. पहिला दाब अगदी सावकाश द्यावा. घाईने दिला तर उरलेली हवा कडेने फुटते आणि घाण पाणी अंगावर उडतं.

त्यानंतर वाटी भोकावरून न उचलता पंधरा-वीस वेळा खाली-वर करावं. बहुतेक लोक खाली जोरात ढकलतात आणि वर आणताना हात सैल सोडतात. माझ्या मते प्लंजर फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. अडकलेला बोळा ढकलून तितका हलत नाही, जितका पुढे-मागे हिसके बसल्याने सुटतो. तेव्हा ओढही दाबाइतकीच जोरात हवी. शेवटच्या ओढीला वाटी झटक्याने उचलावी. पाणी एकदम गडगडून खाली गेलं तर वाट मोकळी झाली. खात्रीसाठी पुन्हा अर्धी बादली ओतून पाहावी, लगेच फ्लश करू नये. नाही गेलं तर थोडं थांबून आणखी दोन फेऱ्या कराव्यात. तीन फेऱ्यांत फरक पडला नाही, तर थांबावं.

दोन प्रसंगी मात्र प्लंजर मुळीच वापरू नये. लहान मुलाने खेळणं टाकलं असेल, टूथब्रश किंवा टॉयलेट क्लीनरचा पिंजरा पडला असेल, तर दाबाने तो पुढे सरकून आणखी घट्ट बसतो. तिथे प्लंबरकडची वळणदार स्प्रिंग लागते. आणि भांड्यात आधीच ॲसिड किंवा कॉस्टिकची पूड टाकलेली असेल, तर प्लंजरचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. ॲसिडचा क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. कापड, डायपर, पॅड किंवा ‘वेट वाइप्स’ यांवर या रसायनांचा तसाही काही परिणाम होत नाही. उकळतं पाणी ओतू नये, चिनी मातीचं भांडं तडकतं.

आता खोलवरचा अडथळा ओळखायचा कसा? प्लंजरचा जोर ट्रॅपच्या पुढे फार तर काही फुटांपर्यंत पोचतो. त्यापलीकडचं दुखणं वेगळ्या खुणांनी कळतं. समजा, चार मजली इमारतीत तळमजल्यावर एक कुटुंब राहतं. त्यांचं कमोड सकाळी सात-आठच्या सुमारास वर चढतं, दुपारी ठीक असतं. प्लंजर मारला की दोन दिवस बरं जातं, मग पुन्हा तेच. कमोड फ्लश केलं की शेजारच्या नहाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात. एकदा तर घरात कुणीही फ्लश केलं नसताना भांड्यातलं पाणी आपोआप वर आलं.

यातली शेवटची खूण निर्णायक आहे. स्वतःच्या घरातला नळ तुंबला असता, तर स्वतः पाणी सोडल्याशिवाय पातळी वाढली नसती. वरच्या मजल्यांवरून आलेलं पाणी पुढे जायला वाट नाही, म्हणून ते सगळ्यांत खालच्या तोंडातून बाहेर येतं. सकाळी सगळे मजले एकाच वेळी वापर करतात, म्हणून तेव्हाच त्रास. नहाणीतले बुडबुडेही तेच सांगतात: दोन्ही वाटा जिथे एक होतात, त्याच्या पुढे अडथळा आहे. जुन्या इमारतींत मैल्याचा नळ आणि नहाणीचा नळ वेगवेगळे असतात. तिथे ही खूण वरच्या मजल्यांवर दिसत नाही, म्हणून ती दिसली नाही तरी निर्धास्त राहू नये.

आता पाहायचं ते इमारतीबाहेरचं चेंबर. झाकण उघडायचं काम दोघांनी करावं, थोडा वेळ दूर उभं राहावं, आत वाकू नये आणि काडी पेटवू नये. चेंबर काठापर्यंत भरलेलं असेल, तर अडथळा त्याच्या पुढे आहे. ते कोरडं असेल आणि वरून पाणी सोडूनही येत नसेल, तर इमारत आणि चेंबर यांच्यामधल्या नळात आहे. आपल्या उदाहरणात पहिलं चेंबर भरलेलं, दुसरं रिकामं निघालं. म्हणजे दोष दोन चेंबरांमधल्या तुकड्यात. तिथे जुने स्टोनवेअरचे नळ असतील तर सिमेंटचे सांधे सुटून शेजारच्या झाडाची मुळं आत शिरलेली असतात, किंवा जमीन खचून उतार गेलेला असतो. चार इंची नळाला साधारण साठ फुटांत एक फूट उतार लागतो. तो गेला की पाणी पुढे जातं आणि मैला मागे राहतो. इथे लांब पट्टी किंवा दाबाच्या पाण्याचं यंत्र लागतं. मुळं असतील तर नळाचा तेवढा तुकडा बदलावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत तीच गुडगुड परत येते. हा खर्च तळमजल्यावरच्या कुटुंबाचा नाही. सामाईक नळ आणि चेंबर यांची दुरुस्ती सोसायटीची आहे. कमोड चढण्याच्या वेळा दोन-तीन दिवस लिहून ठेवून सचिवांना दाखवल्या, तर फारसा वाद उरत नाही.

कोकणात किंवा जिथे सेप्टिक टँक आहे तिथे आणखी एक शक्यता असते. जुलै-ऑगस्टमध्ये घरातली सगळीच भांडी एकदम मंदावली, तर बहुधा शोषखड्ड्याभोवतीची जमीन पावसाने भरून गेलेली असते आणि टाकीतलं पाणी झिरपायला जागा नसते. तेव्हा नळात काहीच अडकलेलं नसतं. टाकी उपसून चार दिवस दिलासा मिळतो, पण शोषखड्ड्याची जागा किंवा आकार बदलल्याशिवाय पुढच्या पावसात तेच होतं.

टाकी किंवा चेंबर साफ करायला आलेला माणूस ‘आत उतरून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे’ असं म्हणाला, तर त्याला उतरू देऊ नका. आतल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास जास्त प्रमाणात असताना नाकाला कळेनासा होतो आणि माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा करणारी गाडी बोलवा, आणि ती येईपर्यंत झाकण बंद ठेवा.